आठवडी बाजारातल्या स्टॉलसाठी व्यवसायाचा क्यूआर: कागद, नाव आणि पैसे पोचण्याची वेळ

पुण्याच्या उपनगरांत भरणाऱ्या कुठल्याही आठवडी बाजारात एक चक्कर मारा. कांद्या-बटाट्याच्या ढिगात खोचलेल्या पाटीवर क्यूआर असतो, पण स्कॅन केला की विकणाऱ्या मावशींचं नाव येत नाही, त्यांच्या मुलाचं येतं. मुलाने आपल्या फोनमधल्या खासगी क्यूआरची प्रिंट काढून, लॅमिनेट करून आईला दिलेली असते. दोन-चार महिने काही अडत नाही. मग एका पाच तारखेला मुलाच्या दुचाकीचा हप्ता त्याच खात्यातून कापला जातो. पहाटे मार्केट यार्डात माल उचलायला गेलेल्या मावशींना तिथे कळतं, की कालच्या विक्रीतले तीन हजार खात्यात नाहीतच.

हा लेख अशा स्टॉलसाठी आहे, जिथे गाळ्याचा करारनामा नाही, जीएसटी नाही, चालू खातं नाही आणि जागाही वारानुसार बदलते. अशा विक्रेत्यालाही स्वतःच्या नावाचा व्यवसायाचा क्यूआर मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. एक, निरनिराळ्या कागदांवर नाव निरनिराळं असतं. दोन, गिऱ्हाइकाने दिलेले पैसे आपल्या खात्यात नेमके कधी येतात हे आधी कोणी विचारलेलं नसतं. म्हणून या दोन गोष्टींवर जरा थांबून लिहितो, बाकीचं भरभर.

खासगी क्यूआर का चालत नाही

क्यूआरच्या चौकोनात जादू काही नसते, एक ओळ मजकूर असतो. साधारण असा:

```
upi://pay?pa=jadhavbhaji@bank&pn=Jadhav%20Bhaji&mc=5411&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे जिथे जायचे तो यूपीआय पत्ता आणि `pn` म्हणजे नाव. `mc` हा धंद्याचा प्रकार सांगणारा चार आकडी क्रमांक; किराणा-भाजीपाल्यासारख्या विक्रीला सहसा 5411 लागतो. खासगी क्यूआरमध्ये तो नसतो किंवा 0000 असतो, आणि सगळा फरक तिथूनच पडतो. बँकेच्या लेखी एक व्यवहार विक्रीचा ठरतो, तर दुसरा दोन माणसांमधल्या देवाणघेवाणीचा.

स्टॉलवर हे असं जाणवतं. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाने पैसे द्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला खासगी क्यूआरवर नकार मिळतो, कारण ते कार्ड फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरवर चालतं. ‘पैसे मिळाले’ म्हणून बोलणारा साउंडबॉक्सही व्यवसायाच्या क्यूआरलाच जोडला जातो. आणि विक्रीचा वेगळा हिशेब निघत नाही. घरखर्च, उसनवारी आणि विक्री एकाच यादीत मिसळून जातात. पुढे कर्ज मागायला गेल्यावर या मिसळलेल्या यादीतून धंदा किती होता हे दाखवणं फार अवघड जातं.

क्यूआर कुणाच्या नावाने काढायचा

स्टॉलवर जो बसतो, त्याच्या नावाने. पॅन त्याचा, आधार त्याचं, खातं त्याचं आणि मोबाइल नंबरही त्याचा. मुलाच्या, दिराच्या किंवा शेजारच्या दुकानदाराच्या नावाने काढला, की विक्रीचे सगळे पैसे त्यांची जमा म्हणून मोजले जातात. त्यांचा हप्ता थकला किंवा खातं गोठलं, तर तुमचा धंदा बसतो. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो मुलाने हाताळायला हरकत नाही, पण त्यातलं सिम आणि खातं विक्रेत्याचं असलं पाहिजे. नंबर ज्याच्या हातात, त्यालाच पैसे जमा होण्याचं खातं बदलता येतं, हे कधी विसरू नका.

कागद: कोणते लागतात आणि कोणते असले तर बरं

बँक आणि अ‍ॅपनुसार यादी थोडी बदलते, पण एकट्या माणसाच्या छोट्या धंद्याला बहुतेक ठिकाणी हे पुरतं: पॅन, आधार, बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी (पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक हाताशी ठेवा), आणि मांडलेल्या स्टॉलचा फोटो.

पॅन नसेल तर दलालाकडे जाऊ नका. आयकर खात्याच्या incometax.gov.in या संकेतस्थळावर, आधारवर आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर झटपट ई-पॅन मोफत निघतं आणि केवायसीला ते चालतं. जुनं पॅन असेल तर ते आधारशी जोडलेलं आहे का, हे त्याच संकेतस्थळावर ‘Link Aadhaar Status’ मध्ये पाहून घ्या. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय दाखवलं जातं आणि अर्ज तिथेच अडकतो. जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली. त्यानंतर जोडण्यासाठी १,००० रुपये भरावे लागतात. ते आधी भरून टाकलेले बरे.

आधारच्या बाबतीत खरा प्रश्न कार्डाचा नसतो, मोबाइलचा असतो. पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि गावाहून शहरात आलेल्या कित्येकांचा तो नंबर कधीच बंद झालेला असतो. असं असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडून घ्या, मगच क्यूआरच्या मागे लागा. आधारवरचा पत्ता बीडचा किंवा नांदेडचा आणि स्टॉल पुण्यात, याने काही बिघडत नाही. ओळखीचा पत्ता आणि धंद्याचा पत्ता अर्जात वेगवेगळे भरता येतात.

कोणी आधारची झेरॉक्स मागितली तर myaadhaar.uidai.gov.in वरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून तेच द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. बाजारात फिरणाऱ्या एजंटाच्या पिशवीत किती लोकांच्या झेरॉक्स असतात, ते पाहिलं की हा सल्ला वेगळा पटवून द्यावा लागत नाही.

खातं बचतीचं असलं तरी छोट्या विक्रेत्याला चालतं. फक्त बँकेत जाऊन एकदा विचारा, की माझं खातं पूर्ण केवायसीचं आहे का? पुरेसे कागद नसताना उघडलेल्या ‘लहान खात्यां’ना मर्यादा असतात: वर्षभरात एकूण जमा १ लाखापर्यंत, शिल्लक ५० हजारांपर्यंत, आणि महिन्याला काढता येतात १० हजार. रोज पाच-सहा हजार क्यूआरवर येणारा स्टॉल महिन्याच्या आत ही मर्यादा गाठतो, आणि मग पैसे परत का जातात ते कोणालाच कळत नाही. पॅन आणि आधार देऊन खातं पूर्ण केवायसीचं करून घेतलं की हा प्रश्न संपतो.

आता धंद्याचा पुरावा. काही अ‍ॅप तो मागतच नाहीत, काही मागतात. महापालिका किंवा नगरपालिकेचं पथविक्रेता प्रमाणपत्र असेल तर उत्तम. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली ते मिळतं आणि पीएम स्वनिधीच्या कर्जालाही उपयोगी पडतं. (त्या योजनेत डिजिटल व्यवहारांवर थोडा कॅशबॅकही मिळतो.) ते नसेल तर उद्यम नोंदणी करा. udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅनवर ती मोफत होते. पैसे मागणारी, सरकारी दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत. पत्त्याच्या शेवटी gov.in नसेल तर बाहेर पडा. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी असायला हवीच, आणि तीच इथे धंद्याचा पुरावा म्हणून दाखवता येते. पक्का गाळा असेल तर गुमास्ता. फिरत्या स्टॉलला गुमास्ता काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर नको म्हणा.

नाव जुळवणं: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

अर्ज भरला की समोरची यंत्रणा तुमच्या खात्यात एक रुपया पाठवते आणि बँकेत तुमचं नाव काय नोंदलंय ते वाचते. मग ते पॅनवरच्या नावाशी ताडून पाहते. नाव पुरेसं जुळलं नाही तर अर्ज परत येतो, आणि कारण म्हणून नुसतं ‘पडताळणी अयशस्वी’ एवढंच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे हे बायकांच्या बाबतीत वारंवार होतं. पॅन लग्नाआधी काढलेलं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार लग्नानंतरचं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आणि पासबुकावर ‘जाधव एस. आर.’. माणूस एकच, पण यंत्रणेला तिघी वेगवेगळ्या दिसतात. पुरुषांच्या बाबतीत गडबड साधी असते: कुठे मधलं नाव नसतं, कुठे आडनाव आधी लागलेलं असतं, तर कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त. क्रम उलटा असला तर बहुधा निभावतं. आडनावच वेगळं असलं तर नाही.

दुरुस्तीचा क्रम सोयीचा असा: आधी आधार, मग पॅन, शेवटी बँक. आधारवर सासरचं नाव लावायला विवाह नोंदणीचा दाखला चालतो. आधार बरोबर झालं की त्याच्या आधारावर पॅनमधलं नाव बदलता येतं, आणि ही दोन्ही हातात असली की बँकेतल्या माणसाला काही बोलायला जागा राहत नाही. उलट्या बाजूने सुरुवात केली तर प्रत्येक काउंटरवर दुसऱ्या काउंटरचा कागद मागतात. आधार आणि बँकेत सासरचं नाव आधीच असेल, तर फक्त पॅन बदललं की काम झालं.

नावं पूर्ण बदलण्याची गरज नसते, तिन्ही ठिकाणी एकसारखी असली की पुरे. माहेरचंच नाव सगळीकडे असेल तर ते तसंच राहू द्या. स्टॉलवरच्या पाटीला ‘जाधव भाजी भांडार’ नाव द्यायचं असेल तर ते अर्जात दुकानाचं नाव म्हणून वेगळं भरता येतं. मात्र पैसे देताना गिऱ्हाइकाच्या फोनवर बँकेत नोंदलेलं तुमचं नावही दिसू शकतं. त्यामुळे पाटीवर दुकानाच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहून ठेवा, म्हणजे ‘हे तुमचंच का?’ हा प्रश्न दर वेळी येत नाही.

बँकेचा क्यूआर की अ‍ॅपचा?

दोन वाटा आहेत. तुमचं खातं असलेल्या बँकेच्या शाखेत किंवा तिच्या व्यापारी अ‍ॅपवर अर्ज करायचा, किंवा फोनपे, पेटीएम, भारतपे, गुगल पे यांच्या व्यवसायाच्या अ‍ॅपवर. कुठलाही घेतला तरी गिऱ्हाइकाला कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने पैसे देता येतात, त्यामुळे पाटीवर चार-चार स्टिकर लावायची गरज नाही. एकच लावलेला बरा; चोराला वरून पाचवा चिकटवायला तेवढी जागा कमी.

निवड करताना एकच प्रश्न विचारा: पैसे माझ्या खात्यात कधी? काही रचनांमध्ये गिऱ्हाइकाचे पैसे थेट तुमच्या खात्यात येतात, प्रत्येक व्यवहाराला वेगळा. काहींमध्ये ते आधी कंपनीच्या बँकेतल्या राखीव खात्यात गोळा होतात आणि ठरल्या वेळी एकगठ्ठा तुमच्याकडे येतात, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी. तुमचा क्यूआर कोणत्या प्रकारचा हे ओळखायचं कसं? दर विक्रीनंतर बँकेचा एसएमएस येत असेल तर थेट. दिवसाला एकच मोठी जमा दिसत असेल तर गठ्ठ्याने.

कापड किंवा भांडी विकणाऱ्याला एका दिवसाचा फरक पडत नाही. भाजीवाल्याला पडतो. समजा, रविवारच्या बाजारात एकूण विक्री झाली ९,२०० रुपयांची. त्यातले ५,८५० क्यूआरवर आले आणि ३,३५० रोख. सोमवारी पहाटे पाचला मार्केट यार्डात ६,००० रुपयांचा माल उचलायचा आहे. क्यूआरचे पैसे थेट खात्यात आले असतील तर आडत्याला तिथेच यूपीआयने देता येतात. ते सोमवारी सकाळी दहा-अकराला येणार असतील तर पहाटे हातात फक्त ३,३५० आहेत; २,६५० रुपये उधारीवर घ्यावे लागतील, नाहीतर माल कमी उचलावा लागेल. आणि कंपनी सुट्टीच्या दिवशी पैसे पाठवत नसेल तर रविवारचे पैसे आणखी लांबतात. आठवडी बाजारवाल्याची मोठी विक्री तर नेमकी रविवारीच होते.

म्हणून सही करण्याआधी एजंटाला हे तीन प्रश्न विचारा. रविवारी संध्याकाळी सहाला आलेले पैसे खात्यात केव्हा जमा होणार? त्याच दिवशी हवे असतील तर अ‍ॅपमध्ये बटण आहे का, आणि त्याचे पैसे कापतात का? या धंद्यासाठी दिवसाची किंवा महिन्याची काही कमाल मर्यादा लावली आहे का? तोंडी उत्तरावर विसंबू नका, अ‍ॅपमधल्या ‘सेटलमेंट’च्या पानावर दाखवायला सांगा.

पैसे जमा होण्यासाठी कंपनीच्याच पाकिटाचं किंवा पेमेंट बँकेचं खातं सुचवलं, तर टाळा. गावच्या शाखेत उघडलेलं आपलं नेहमीचं बँक खातंच द्या. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा ज्यांची जमा त्याच बँकेत होत होती त्या व्यापाऱ्यांना १५ मार्चच्या आत दुसऱ्या बँकेचं खातं जोडावं लागलं. ज्यांचे पैसे आधीपासून दुसऱ्या बँकेत जात होते, त्यांचे क्यूआर चालूच राहिले.

खर्चाचं सांगायचं तर, बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायचं नाही, हा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवर दिलेल्या रकमेवर छोट्या व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत काही द्यावं लागत नाही. त्यापुढे शुल्क लागू शकतं, पण भाजीच्या स्टॉलवर तो प्रसंग क्वचितच येतो. तेव्हा ‘नोंदणी फी’ किंवा ‘दर व्यवहाराला दोन टक्के’ असं कोणी म्हणाला तर त्याला वाटेला लावा. साउंडबॉक्सचं भाडं मात्र खरं असतं. ते दर महिन्याला विक्रीतूनच कापून घेतात. किती आणि यंत्र परत केल्यावर कधी थांबणार, हे विचारून घ्या.

अर्ज भरताना

व्यवसायाचं अ‍ॅप उतरवा (नेहमीच्या अ‍ॅपपेक्षा ते वेगळं असतं), बँकेत नोंदलेल्या नंबरने लॉगिन करा. धंद्याचा प्रकार निवडताना जे विकता तेच निवडा. ‘इतर’ निवडून मोकळं व्हावंसं वाटतं, पण नंतर जमा होणारी रक्कम आणि धंद्याचा प्रकार जुळेना, की खुलासा मागितला जातो.

फिरत्या स्टॉलवाल्यांना पत्त्याच्या रकान्यात अडल्यासारखं होतं. सोमवारी एका मैदानात, गुरुवारी दुसरीकडे, मग पत्ता कुठला? ज्या बाजारात जास्त वेळा बसता त्याचं नाव, जवळची खूण आणि पिनकोड द्या. फोटो त्याच जागी, माल मांडून, उजेडात काढा, कारण काही अ‍ॅप फोटोबरोबर जागाही नोंदवतात. घरी बसून अर्ज भरला आणि पत्ता बाजाराचा दिला, तर दोन्हींची सांगड बसत नाही. बाजार शुल्काची पावती मिळत असेल तर तीही जपून ठेवा. तपासणीला माणूस आला तर तुम्ही खरोखर तिथे बसता हे दाखवायला ती कामी येते.

एजंट मदत करत असेल तर बाजूला उभं राहून सांगू द्या, फोन त्याच्या हातात देऊ नका. ओटीपी तुम्ही वाचा, तुम्हीच भरा. आणि खात्याचे शेवटचे चार आकडे पडद्यावर दिसले की पासबुकाशी जुळवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. नोंदणी चालू असताना खातं जोडायला एकदा पिन टाकावा लागू शकतो, पण तोही त्याला न दाखवता टाकायचा. ‘सोबत कर्जही मंजूर झालंय, इथे दाबा’ असं म्हणाला तर त्या दिवशी काही दाबू नका.

लावण्याआधी एक रुपया

क्यूआर आला की लगेच पाटीवर चढवू नका. घरातल्या दोघांच्या फोनवरून, दोन वेगळ्या अ‍ॅपने, एक-एक रुपया पाठवा. पाहायचं ते हे: नाव बरोबर येतंय का, तुमच्या अ‍ॅपमध्ये नोंद दिसते का, साउंडबॉक्स बोलतो का, आणि शेवटी बँकेच्या पासबुकात तो रुपया केव्हा दिसतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत क्यूआर वापरायला काढू नका. एजंटाने सांगितलेली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यातला फरक एका रुपयात कळतो, तो सहा हजारांत कशाला बघायचा?

पाटी करताना चकचकीत लॅमिनेशन टाळा. दुपारच्या उन्हात ते चमकतं आणि फोनला क्यूआर वाचता येत नाही. मॅट लॅमिनेशन किंवा अ‍ॅक्रिलिकचा स्टँड बरा. पाटी गिऱ्हाइकाच्या छातीच्या उंचीला आणि तुमच्या नजरेच्या टप्प्यात हवी. पावसाळ्यासाठी एक जादा प्रत पिशवीत ठेवा. साउंडबॉक्समध्ये त्याचं स्वतःचं सिम असतं, त्यामुळे फोनला रेंज आहे म्हणून त्यालाही असेलच असं नाही. मैदानात गर्दी वाढली की तो उशिरा बोलतो. मराठीत बोलण्याची सोय असते, ती लावून घ्या.

रोजच्या वापरात काय बिघडतं

गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, हे होतंच. स्क्रीनशॉट दाखवला म्हणून माल देऊ नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप असतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये नोंद किंवा बँकेचा एसएमएस, हाच पुरावा. आणि भांडूही नका. व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक (फोनवर UTR म्हणून दिसतो) लिहून घ्या. व्यापाऱ्याला पैसे पोचल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते पाच दिवसांच्या आत गिऱ्हाइकाला आपोआप परत जायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर क्रमांक घेऊन माल द्यावा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पाटीवर रात्रीतून दुसरा स्टिकर चिकटवण्याचे प्रकारही घडतात. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत एका पेट्रोल पंपावर आणि काही दुकानांवर असं झालं होतं, आणि स्कॅन केल्यावर वेगळंच नाव दिसल्यामुळे ते उघडकीला आलं. दुकान मांडलं की क्यूआरवर नखाने कड चाचपून पाहा, आणि दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला ‘नाव काय आलं?’ असं विचारा. साउंडबॉक्स गप्प असताना गिऱ्हाईक ‘झालं’ म्हणत असेल तर तिथेच थांबवून बघा.

जीएसटीची भीती घालणारे बाजारात बरेच भेटतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना कर खात्याच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. खरी गोष्ट अशी: महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. ताजी भाजी आणि फळं करमुक्त आहेत. फक्त तीच विकत असाल तर नोंदणीच लागत नाही. पण खात्यात विक्रीबरोबर भिशीचे, उसनवारीचे पैसेही येत असतील, तर वरून बघणाऱ्याला ती सगळी विक्रीच वाटते. व्यवसायाच्या क्यूआरवर फक्त विक्री घ्या, आणि दर महिन्याला अ‍ॅपमधून हिशेब उतरवून ठेवा.

सगळ्यात जड जाते ती अडचण म्हणजे खातं गोठणं. कुठेतरी फसवणूक होते, ते पैसे चार-पाच खात्यांतून फिरत येतात, त्यातले काही तुमच्या स्टॉलवर खर्च होतात, आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यावर रोक लावते. याचं एक ठरलेलं दार आहे: ‘दोन हजार स्कॅन करतो, मला रोख द्या, वर पन्नास ठेवून घ्या.’ ओळखीचा असो वा नसो, याला नाहीच म्हणायचं. तुम्ही माल विकता, रोकड नाही.

तरी झालंच, तर शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या पोलिस ठाण्याची तक्रार आहे, आणि वादातली रक्कम किती. वाद ४०० रुपयांचा असेल तर तेवढ्याच रकमेवर रोक ठेवा, बाकी खातं मोकळं करा, असा अर्ज द्या. त्याला ओळखपत्र, स्टॉलचा फोटो, बाजार शुल्काच्या पावत्या आणि त्या दिवसाचा अ‍ॅपमधला हिशेब जोडा. तोच अर्ज संबंधित पोलिस ठाण्याला ईमेलनेही पाठवा आणि त्याची प्रत शाखेला द्या. तुमचीच फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. खातं मोकळं होईपर्यंत अ‍ॅपमध्ये पैसे जमा होण्याचं खातं बदलून स्वतःच्याच नावाचं दुसऱ्या बँकेतलं खातं लावता येतं, आणि पाटीवरचा क्यूआर बहुधा तोच राहतो. त्यासाठी ते दुसरं खातं आधीपासून उघडलेलं हवं.